चार नंबरला उंच बॉल: नवीन लिफ्टरसाठी हात, पाय आणि बॉल सोडणं

व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टरला (कोणी सेटर म्हणतं, तेच ते) पुढेमागे बरेच सेट शिकावे लागतात, पण इथे मी एकच घेतोय. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे चार नंबरच्या स्मॅशरला द्यायचा साधा उंच बॉल. क्विक, बॅकसेट, जंप सेट हे सगळं नंतर. कारण सोसायटीच्या कोर्टवर काय किंवा कॉलेजच्या ग्राऊंडवर काय, रिसीव्ह वाकडातिकडा आला की शेवटी सगळे ओरडतात "चारला टाक, चारला टाक", आणि हा एक बॉल धड जायला लागला की टीम तुम्हाला लिफ्टर म्हणून उभं करायला तयार होते.

हा बॉल जास्त करून कुठे बिघडतो तर दिशेत. उंची थोडी कमीजास्त झाली तर स्मॅशर सांभाळून घेतो, एक पाऊल थांबतो किंवा लवकर निघतो, पण बॉल नेटला चिकटला की त्याच्या हातात काहीच राहत नाही. आणि दिशा ठरते ती बॉल हातात यायच्या आधी, तुमचे पाय आणि खांदे कुठे बघतायत त्यावरून. बोटांनी ती फक्त बिघडू द्यायची नसते.

उभं कुठे राहायचं

नेटकडे तोंड केलंत तर तुमच्या उजवीकडच्या अँटेनापासून, म्हणजे साइडलाइनच्या वर नेटला लावलेल्या उभ्या काठीपासून, साधारण ३ मीटर आत आणि नेटपासून १ मीटर मागे, ही तुमची जागा. तिथे उभं राहून डावीकडे, चार नंबरकडे वळा. आता नेट तुमच्या उजव्या खांद्याला आहे. कोर्ट ९ मीटर रुंद, म्हणजे डावीकडचा अँटेना तुमच्यापासून ६ मीटरवर. बॉल त्या अँटेनाच्या अर्धा मीटर आत आणि नेटपासून १ मीटर लांब मिळाला की स्मॅशर खूश. थोडक्यात बॉलला साडेपाच मीटर जायचंय, नेटला समांतर.

आता गंमत बघा. साडेपाच मीटरच्या अंतरावर तुमची दिशा फक्त ५ अंश नेटकडे चुकली तर बॉल जवळपास अर्धा मीटर नेटकडे सरकतो. १० अंश चुकली तर एक मीटर सरकतो, म्हणजे बॉल बरोबर नेटच्या वर जातो आणि समोरचा ब्लॉकर हात वर करून आयता खाली दाबतो. १० अंश म्हणजे किती, तर घड्याळात दोन मिनिटांचं जे अंतर असतं त्याहूनही थोडं कमी. उभ्या माणसाचे खांदे एवढे फिरलेले बाहेरून कळतही नाहीत. म्हणून "हात तर बरोबर होते, तरी बॉल नेटवर का गेला" असं कोणी विचारलं की मी आधी त्याचे बूट बघतो.

नेट नीट बांधलंय का तेही एकदा टेप लावून बघा. पुरुषांसाठी मध्यभागी २.४३ मीटर, बायकांसाठी २.२४. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नेट मध्ये झोळीसारखं लोंबतं, मग तुम्हाला उंचीचा अंदाज चुकीचा बसतो आणि चांगल्या कोर्टवर गेलात की सगळे बॉल बुटके पडतात.

बॉलच्या हवेचं पण सांगून टाकतो. नियमात ०.३० ते ०.३२५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आहे, पंक्चरवाल्याच्या भाषेत साडेचार पीएसआयच्या आसपास. त्याचं मशीन स्कूटरच्या पंचवीस-तीसवर सेट असतं, एक झटका दिला की बॉल दगड होतो आणि दगड झालेला बॉल बोटांवरून नुसता उडतो, दोन्ही हात एकदम लागलेत का हे कळायला वेळच मिळत नाही. हातपंप घ्या, स्वस्तात मिळतो.

हाताचा आकार

बॉल जमिनीवर ठेवा. त्याच्यासमोर वाका, बोटं पसरून दोन्ही हात वरून बॉलवर ठेवा, अंगठे तुमच्याकडे, आणि तसाच बॉल उचलून कपाळाच्या वर न्या. मनगटं मागे वळतील, मनगटाच्या मागच्या बाजूला सुरकुत्या दिसतील. आता कोणाला तरी बॉल काढून घ्यायला सांगा, हात हलवू नका. जो आकार उरला तोच तुमचा आकार. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या यांच्यामध्ये एक त्रिकोणी खिडकी दिसेल, त्या खिडकीतून बॉल येताना दिसला पाहिजे.

अंगठे हा नवीन लोकांचा सगळ्यात मोठा घोळ. अंगठ्याचं टोक स्वतःच्या भुवयांकडे असलं पाहिजे. भीतीने किंवा सवयीने पुष्कळ जणांचे अंगठे पुढे, बॉलच्या दिशेला उभे राहतात, मग बॉल सरळ अंगठ्याच्या टोकावर आदळतो आणि पुढचे पंधरा दिवस मोबाईल पण धरवत नाही. अंगठे मागे गेले की ते बॉलच्या खाली येतात आणि वजन उचलतात. वरून तर्जनी आणि मधलं बोट, हे खरे काम करणारे. अनामिका आणि करंगळी फक्त बाजूने बॉलला अडवतात, घसरू देत नाहीत. तळवा कुठेही लागायचा नाही, लागला की "थप्प" असा आवाज येतो, तो आवाज तुम्हाला स्वतःलाच ऐकू येईल. नीट लागलेला बॉल जवळजवळ आवाज करत नाही.

कोपरं अगदी बाजूला पंखासारखी फाकवायची नाहीत आणि छातीसमोर चिकटवायचीही नाहीत, दोन्हीच्या मध्ये, डोळ्यांच्या कडेला अस्पष्ट दिसतील एवढी. फार फाकली की बॉल दोन हातांच्या मधून घसरून डोळ्यावर येतो (येतोच). बॉल कपाळाच्या वर साधारण वीतभर असताना लागला पाहिजे. हनुवटीपाशी घेतलात तर हात आधीच दुमडलेले असतात, बॉल बराच वेळ हातात राहतो आणि अंपायर होल्ड देतो. डोक्याच्या मागे गेला तर बॉल पुढे जाण्याऐवजी नुसता वर जातो.

गावाकडे शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्या पोरांना इथे थोडा त्रास होतो, कारण त्या खेळात बॉल जोरात मारून परत पाठवायची सवय लागलेली असते आणि हात आपोआप कडक होतात. त्यांनी आधी आठवडाभर नुसतं डोक्यावर छोटे छोटे बॉल खेळावेत, हातभर उंच, दिशा वगैरे काही नाही, फक्त आवाज बंद होईपर्यंत.

पाय

रिसीव्ह होत असताना तुमचं तोंड रिसीव्ह करणाऱ्याकडे असतं, चारकडे नाही. बॉल त्याच्या हातावरून निघाला की लगेच कुठे पडणार ते ओळखून पळायचं. पळताना हात खाली, नेहमी पळता तसे. हात वर धरून पळणारे लिफ्टर भरपूर दिसतात, त्यांना बॉलखाली पोहोचायला उशीर होतो आणि मग तेच म्हणतात रिसीव्ह वाईट होता.

शेवटची दोन पावलं मात्र ठरलेली: डावं, उजवं, आणि थांबा. उजवा पाय, म्हणजे नेटकडचा पाय, अर्धा बूट पुढे. डावखुरे असाल तरी हेच, कारण हा पाय हाताप्रमाणे ठरत नाही, नेट कुठल्या बाजूला आहे त्यावरून ठरतो. उजवा पुढे असला की कंबर किंचित डावीकडे, आपल्या कोर्टकडे उघडते. त्यामुळे चूक झाली तर बॉल आपल्या बाजूला आत येतो, समोरच्याकडे जात नाही. आत आलेला बॉल स्मॅशर निदान ढकलू तरी शकतो. डावा पाय पुढे राहिला तर उलटं, कंबर नेटकडे वळते आणि ते मघाचे १० अंश तिथूनच येतात.

"थांबा" हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. बॉल हाताला लागताना तुमचं अंग नेटकडे सरकत असेल तर तो वेग बॉलला पण मिळतो. खांदे अगदी बरोबर चारकडे असले तरी बॉल तिरका नेटकडे जातो, आणि तुम्हाला कळतच नाही का. उजव्या पायाने ब्रेक लावायचा आणि मग सेट. पावसाळ्यात मुरुमाच्या ग्राऊंडवर हा ब्रेक लागत नाही, पाय घसरतो, तेव्हा शेवटची पावलं छोटी टाका आणि थोडं लवकर निघा. ओल्या मुरुमावर लांब पाऊल टाकून थांबायला जाल तर गुडघ्याची वाट लागेल.

थांबलात, गुडघे थोडे वाकलेले, वजन मागच्या डाव्या पायावर थोडं जास्त, आणि आता हात वर. दोन्ही हात एकदम, कपाळाच्या वर, बॉल पोहोचायच्या आधी आकार तयार. हात बॉलसोबत वर गेले तर एक हात आधी आणि एक नंतर लागतो, आणि डबल टचची शिट्टी वाजते.

सोडणं

इथे ताकद हातातून काढायची नाही. गुडघे उघडतात, वजन डाव्या पायावरून उजव्यावर येतं, मग कोपरं उघडतात आणि सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. बॉल येताना बोटं किंचित मागे दबतात आणि लगेच त्याच हालचालीत पुढे उघडतात, मध्ये थांबणं नाही. थांबलात तर होल्ड, बोटं लाकडासारखी कडक ठेवलीत तर बॉल आधी एका हाताला लागून दुसऱ्याला लागतो. मधला मार्ग सांगून येत नाही, हातालाच कळावा लागतो, पण एक खूण आहे: बॉल गेल्यावर दोन्ही हात सरळ, सारख्या उंचीवर, तळवे बाहेर आणि बोटं चारकडे असतील, तर बरोबर सोडलाय.

तसंच गोठून राहायचं, बॉल स्मॅशरपर्यंत जाईस्तोवर. मॅचमध्ये नाही, तिथे लगेच कव्हरला धावायचं असतं, पण प्रॅक्टिसला हे कराच. गोठल्यावर खाली बघा: बेंबी कुठे, उजव्या बुटाचं टोक कुठे, हात कुठे. तिघं एकाच दिशेला नसतील तर बॉल का वाकडा गेला त्याचं उत्तर तिथेच मिळतं. हात चारकडे आणि बेंबी नेटकडे असेल तर तुम्ही पायांची चूक हातांनी भरून काढताय, आणि तसं केलं की एक हात दुसऱ्यापेक्षा जास्त ढकलतो.

हे कळायला बॉलचं फिरणं बघा. बॉलवर मार्करने एक जाड पट्टी काढा. हातातून सुटलेला बॉल लट्टूसारखा गोल फिरत असेल तर त्याची जी बाजू पुढच्या दिशेला जातेय त्या बाजूचा हात जास्त ढकलतोय. उजवी बाजू पुढे जातेय, उजवा हात जड. थोडंसं मागे फिरत जात असेल तर काळजी नको, अंगठे जरा जास्त लागलेत एवढंच. आणि एक गैरसमज खूप आहे, बॉल फिरला म्हणून आपोआप डबल होत नाही. नियम दोनदा लागण्याबद्दल आहे, फिरणं ही नुसती शंका. आपल्या लोकल मॅचमध्ये फिरणारा बॉल दिसला की समोरची टीम "डबल डबल" ओरडते आणि अंपायर पण कधी कधी वाहवत जातो, तो भाग वेगळा.

एक बॉल सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा रिसीव्ह बरा आलाय, तुमच्या जागेवरच. हात साधारण २.१ मीटर उंचीवर असताना बॉल सुटतोय आणि स्मॅशर २.८ मीटरवर मारणार आहे. बॉल सगळ्यात वर साडेचार मीटरपर्यंत गेला पाहिजे. अँटेना नेटच्या वर ८० सेंटिमीटर असतो, म्हणजे त्याचं टोक ३.२३ मीटरवर, त्याच्याही वर सव्वा मीटर. नवीन माणसाला हे फार उंच वाटतं, आणि म्हणूनच बहुतेकांचे बॉल बुटके असतात.

एवढा वर जाऊन स्मॅशरच्या हातापर्यंत यायला बॉलला साधारण १.३ सेकंद लागतात, स्मॅशरच्या तीन-चार पावलांच्या रनअपला ते पुरतात. सुटताना बॉलचा कोन जवळपास ६० अंश, म्हणजे पुढे कमी आणि वर जास्त. सगळ्यात उंच बिंदू तुमच्यापासून ३ मीटरवर येतो, तुमच्या आणि डाव्या अँटेनाच्या बरोबर मध्यावर. मला वाटतं नवीन लिफ्टरने अँटेनाकडे नेम धरण्यापेक्षा या मधल्या उंच बिंदूकडे नेम धरावा. अँटेनाकडे बघितलं की हात आपोआप पुढे ढकलतात आणि बॉल सपाट जातो.

आता प्रॅक्टिसमधली एक गोष्ट जी बरेच जण उलटी करतात. चार नंबरच्या कोपऱ्यात साइडलाइनच्या आत बादली किंवा टायर ठेवायचा आणि त्यात बॉल पाडायचा. बॉल २.८ मीटरवरून जमिनीवर येईपर्यंत आणखी जवळपास दीड मीटर पुढे जातो. म्हणजे बरोबर सेट केलेला बॉल कोणी मारलाच नाही तर तो साइडलाइनच्या मीटरभर बाहेर पडणार! तुम्ही आतल्या बादलीत पाडायला शिकलात तर मॅचमध्ये स्मॅशरला दीड-दोन मीटर आत येऊन मारावं लागेल, त्याला लाईन मारायला जागाच उरणार नाही. त्यापेक्षा मित्राला नेटपासून १ मीटर मागे, थेट साइडलाइनवर उभं करा आणि त्याला हात पूर्ण वर ताणून बॉल झेलायला सांगा. त्याला पाय न हलवता झेलता आला, तर सेट बरोबर. नेटकडे हात न्यावा लागला, तर तुमचे पाय किंवा खांदे तपासा. पुढे झेपावावं लागलं, तर उंची आणि गुडघे.

आधी मित्राने चार-पाच मीटरवरून हाताने सोपा बॉल टाकावा आणि तुम्ही जागेवर उभे राहून सेट करावा. ते बसलं की टाकणाऱ्याने दोन पावलं इकडेतिकडे टाकावं म्हणजे डावं-उजवं-थांबा घडेल. मग खराखुरा रिसीव्ह. मोबाईल तुमच्या पाठीमागे, उजव्या अँटेनाच्या बाजूला, चारकडे तोंड करून स्लो मोशनवर ठेवा. पाठीमागून बघितलं की अंग नेटकडे सरकतंय का आणि कुठला हात आधी लागतोय हे दोन्ही दिसतं, बाजूच्या व्हिडिओत ते कधीच दिसत नाही.

रिसीव्ह लांब आला तर

हेच जास्त वेळा होणार आहे. बॉल नेटपासून ३ मीटरवर, अटॅक लाईनवर आलाय. पळा, बॉलखाली जा, डावं-उजवं-थांबा, पण आता तोंड नेटला समांतर नाही, चारच्या कोपऱ्याकडे तिरकं. इथे वेगळाच धोका आहे. बॉल तिरका नेटकडेच चाललाय, त्यामुळे नुसता लांब गेला तरी तो नेटला चिकटतो, दिशा अगदी बरोबर असूनसुद्धा. म्हणून लक्ष्य बदला: नेटपासून १ मीटर नाही, दीड मीटर. आणि थोडा अजून उंच, कारण स्मॅशरला आता मागून, खांद्यावरून येणारा बॉल बघावा लागतो, त्याला वेळ हवा.

तोंड फिरवायला वेळच मिळाला नाही तर? बॉल छातीच्या खाली आला असेल तर बोटांचा हट्ट सोडा, दोन्ही हात जोडून अंडरहँडने उंच द्या, त्यात कमीपणा काही नाही. बॉल वर आहे पण तुम्ही अर्धे फिरलेले आहात, तर खांदे जिकडे आहेत तिकडच्या स्मॅशरला द्या, किंवा कोर्टच्या मधोमध उंच टाका आणि जोरात "मागचा घे" ओरडा. चारला देण्याच्या नादात कमरेतून पिळून दिलेला बॉल एकतर डबल होतो किंवा नेटवर जातो, आणि स्मॅशर उडी मारून मोकळा हात खाली आणतो आणि तुमच्याकडे बघतो.